टेस्टरच्या रेझ्युमेतल्या तीन ओळी क्यूएच्या जाहिरातीपुढे ठेवल्यावर

प्रश्न: टेस्टिंगचा चार वर्षांचा अनुभव आहे, त्यातली शेवटची अडीच ऑटोमेशनमध्ये. ज्या जाहिरातीला अर्ज केला तिच्यात असं आहे: "सध्याचा सेलेनियम-जावा रिग्रेशन सूट सांभाळणे व वाढवणे, फ्लेकी टेस्ट कमी करणे, सूट जेनकिन्समधून चालवणे, रिक्वायरमेंटवरून टेस्ट डिझाइन, डिफेक्ट ट्राएजची जबाबदारी. प्लेराइट येत असल्यास प्राधान्य." माझ्या रेझ्युमेत तीन मुख्य ओळी आहेत. एक, सेलेनियम, टेस्टएनजी, पेज ऑब्जेक्ट मॉडेल, मेवन वापरून हायब्रिड फ्रेमवर्क तयार केलं, 900 टेस्ट केस ऑटोमेट केल्या. दोन, बीव्हीए आणि ईपी वापरून 1500+ टेस्ट केस लिहिल्या. तीन, जिरामध्ये 500+ बग लॉग केले, डिफेक्ट लाइफ सायकलचं चांगलं ज्ञान. शब्द सगळे जुळतात, तरी कॉल येत नाही. कुठे कमी पडतंय?

उत्तर: जाहिरातीतली नामं तुम्ही जुळवलीत, क्रियापदं राहून गेली. त्यांना "सांभाळणे", "वाढवणे", "कमी करणे" आणि "जबाबदारी घेणे" हवंय. तुमच्या ओळी "तयार केलं", "लिहिल्या", "लॉग केले" एवढंच सांगतात. या जाहिरातीमागे बहुधा आधीच उभा असलेला, रोज रात्री काही ना काही लाल दाखवणारा सूट आहे आणि तो ताळ्यावर आणणारा माणूस त्यांना हवाय. कोरी सुरुवात करणारा उमेदवार त्यांच्या गरजेला अर्धाच लागू पडतो. शब्द जुळल्यामुळे तुमचा अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे जात असेल. पण नंतर तो ज्या टेस्ट लीडच्या हातात पडतो, तो शब्द मोजत नाही.

पहिली ओळ घेऊ, कारण सगळ्यात जास्त गमावलं जातंय ते तिथेच.

"हायब्रिड फ्रेमवर्क" हा शब्द इतक्या रेझ्युमेंत असतो की त्याचा अर्थच उरलेला नाही. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की चार लायब्ररी एका प्रोजेक्टमध्ये आहेत. त्याची नजर थेट 900 या आकड्यावर जाते आणि तो मनात हिशोब मांडतो. एका यूआय टेस्टला सरासरी एक मिनिट धरलं तर 900 टेस्ट एकामागून एक चालवायला 15 तास लागतात. म्हणजे एक तर त्या समांतर चालत असणार, किंवा रोज सगळ्या चालत नसणार, किंवा त्यातल्या बऱ्याच यूआयच्या नसून एपीआयच्या असणार. यातलं खरं काय, ते ओळीत कुठेच नाही. पाच धाग्यांवर समांतर चालत असतील तर वेळ तीन तासांवर येतो आणि रात्रीच्या रनला तो पुरतो. तेवढं लिहिलंत तरी आकड्यावर विश्वास बसतो.

दुसरा हिशोब फ्लेकी टेस्टचा. 900 पैकी फक्त 2 टक्के टेस्ट कारण नसताना पडत असतील तर दर रात्री 18 खोटे लाल दिसतात. प्रत्येकाचा लॉग आणि स्क्रीनशॉट बघून "हा ॲप्लिकेशनचा दोष नाही" हे ठरवायला 15 मिनिटं धरली तर रोजचे साडेचार तास गेले. जाहिरातीत "फ्लेकी टेस्ट कमी करणे" हे शब्द आले ते याच साडेचार तासांमुळे. तुमच्या ओळीत याबद्दल अक्षरही नाही, आणि अडीच वर्षं 900 टेस्ट सांभाळल्या असतील तर तुम्ही हे काम केलेलं असणारच.

तेव्हा फ्लेकी टेस्टचं कारण काय होतं आणि तुम्ही काय बदललंत, ते लिहा. नेहमी आढळणारं एक कारण जवळून दाखवतो. पुष्कळ "हायब्रिड" फ्रेमवर्कमध्ये बेस क्लास असा असतो:

```java
public class BaseTest {
    public static WebDriver driver;
}
```

टेस्ट एकेक चालतात तोवर याने काही बिघडत नाही. मग कोणीतरी वेळ वाचवण्यासाठी `testng.xml` मध्ये `parallel="methods" thread-count="4"` घालतो. `static` असल्यामुळे चारही धाग्यांना मिळून एकच `driver` असतो. दुसऱ्या धाग्याने नवा ब्राउझर उघडला की पहिल्याचा संदर्भ पुसला जातो आणि पहिली टेस्ट दुसरीच्या खिडकीत क्लिक करायला लागते. कधी घटक सापडत नाही, कधी `NoSuchSessionException` येतो, कारण एका टेस्टने `quit()` केलेला ब्राउझर दुसरी अजून वापरत असते. खूण अशी की पडणाऱ्या टेस्ट दर रनला वेगळ्या असतात आणि एकटी चालवली की प्रत्येक टेस्ट पास होते. उपाय हा:

```java
private static final ThreadLocal<WebDriver> driver =
        new ThreadLocal<>();
```

आता प्रत्येक धाग्याचा ब्राउझर वेगळा राहतो. टेस्ट संपल्यावर `driver.get().quit()` च्या पाठोपाठ `driver.remove()` करायचं, नाहीतर तोच धागा पुढच्या टेस्टला मिळाल्यावर मेलेला संदर्भ हाती येतो. हे काम तुम्ही केलं असेल तर ते "फ्रेमवर्क तयार केलं" पेक्षा कितीतरी वजनदार आहे, आणि मुलाखतीत त्यावर पंधरा मिनिटं बोलताही येतं.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे थांबण्याची पद्धत. `Thread.sleep(5000)` सगळ्यांना ओळखता येतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे इम्प्लिसिट आणि एक्स्प्लिसिट वेट एकत्र वापरणं. सेलेनियमच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच हे करू नका असं सांगितलं आहे. 10 सेकंदांचा इम्प्लिसिट आणि 15 सेकंदांचा एक्स्प्लिसिट वेट एकत्र ठेवला तर टाइमआउट 20 सेकंदांनी होऊ शकतो, हे उदाहरणही तिथे आहे. तुमच्या सूटमध्ये इम्प्लिसिट वेट शून्यावर आणून सगळीकडे `WebDriverWait` केला असेल, तर ते एका वाक्यात लिहा.

एक सावधगिरी. "98 टक्के पास रेट" असं काही लिहायचा मोह होईल. टेस्टएनजीमध्ये `IRetryAnalyzer` लावून पडलेली टेस्ट दोनदा पुन्हा चालवली की पास रेट आपोआप चढतो आणि फ्लेकी टेस्ट तशीच दडून राहते. जाणकार माणूस लगेच विचारतो की हा आकडा पहिल्या प्रयत्नातला की रिट्रायनंतरचा? पहिल्या प्रयत्नातला माहीत असेल तरच लिहा.

रेझ्युमेसोबत गिटहबची लिंक देत असाल तर ती आधी स्वतः तपासा. "सेलेनियम 4" असं लिहिलंय आणि कोडमध्ये `System.setProperty("webdriver.chrome.driver", ...)` सोबत स्वतःच्या लॅपटॉपवरचा पाथ आहे, असं असेल तर वाचणारा थबकतो. 4.6 पासून सेलेनियम मॅनेजर ड्रायव्हर स्वतः आणतो, त्यामुळे त्या ओळीची सहसा गरज उरत नाही. `implicitlyWait(10, TimeUnit.SECONDS)` हीदेखील जुनी धाटणी आहे. 4 मध्ये तिथे `Duration.ofSeconds(10)` येतं. हे मोठे दोष नव्हेत, पण "सांभाळणारा" माणूस हवा असणाऱ्याला ते आधी दिसतात.

तर पहिली ओळ अशी होऊ शकते. तुमचा रेझ्युमे इंग्रजीत असेल, इथे मी मजकूर मराठीत मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे घाला:

"सेलेनियम-जावा, टेस्टएनजीवरचा 900 टेस्टचा रिग्रेशन सूट (600 यूआय, 300 एपीआय) अडीच वर्षं सांभाळला. ड्रायव्हर थ्रेडलोकल करून आणि इम्प्लिसिट वेट काढून रात्रीच्या रनमधले खोटे फेल्युअर 40 वरून 8 वर आणले. जेनकिन्सवर 5 समांतर धाग्यांत रन 9 तासांवरून 2 तासांवर."

या ओळीत हिशोब बसतो का, ते वाचणारा पाहीलच. 600 यूआय टेस्ट, एकेक मिनिट, म्हणजे 10 तास. पाचांत वाटले तर 2 तास. मग आधीचे 9 कसे? एपीआय टेस्ट जेमतेम काही मिनिटं खातात असं धरलं, तरी एकेकट्या चालताना आकडा 10 च्या आसपास हवा. म्हणजे माझ्याच नमुन्यात 9 च्या जागी 10 हवं. मुद्दाम दाखवलं, कारण अशी छोटी विसंगती टेस्टरच्या रेझ्युमेत फार टोचते. सरासरी खरोखर 54 सेकंद असेल तर 9 तास बरोबर आहेत, पण मग पाच धाग्यांत 2 तास का लागतात याचं उत्तर तयार हवं. (सामान्यतः उत्तर असं असतं: ग्रिडवरची मशीन्स व्यग्र होती आणि काही टेस्ट एकच टेस्ट डेटा वापरत असल्याने एकामागून एक चालवाव्या लागत.)

आता टेस्ट डिझाइन. "1500+ टेस्ट केस" हा आकडा कौतुकाचा वाटतो, पण डिझाइन म्हणजे काय गाळायचं हे ठरवणं, आणि मोठा आकडा उलट दिशेला बोट दाखवतो. "बीव्हीए, ईपी" ही नावं अभ्यासक्रमातली आहेत आणि ती सगळ्यांना येतात. एकच फीचर घ्या आणि तुम्ही कसा विचार केलात ते दाखवा.

समजा ऑनलाइन खरेदीच्या कार्टमध्ये नियम आहे: 10 किंवा जास्त नग घेतले की सवलत, सभासदाला वेगळी सवलत, दोन्ही लागू असतील तर मोठी असेल ती, आणि कूपन लावलं तर फक्त कूपनची. काठाच्या किमती बघायच्या तर 9 आणि 10 अशा दोन किमती पुष्कळ जण घेतात. पण प्रोग्रामरने `qty >= 10` च्या जागी चुकून `qty == 10` लिहिलं असेल तर 9 ला सवलत नाही, 10 ला आहे, आणि दोन्ही टेस्ट पास. 11 घेतला की चूक उघडी पडते. काठाच्या दोन्ही बाजू घेणारी तीन-किमतींची पद्धत लागते ती अशा ठिकाणी.

तीन अटी म्हणजे आठ संयोग. कूपन असेल तर बाकी दोन अटींचा परिणाम होत नाही, म्हणून कूपनचे चार संयोग एका ओळीत येतात आणि कूपन नसलेले चार वेगळे राहतात. डिसिजन टेबल आठवरून पाचवर आलं. मात्र "परिणाम होत नाही" हे रिक्वायरमेंटचं म्हणणं आहे, कोडचं नव्हे. कोडमध्ये कूपन आणि सभासद सवलत दोन्ही वजा होत असतील तर? म्हणून कूपनच्या त्या एका ओळीसाठी डेटा निवडताना सभासद आणि 10 नग असाच घ्यायचा, कारण बिघाड दिसलाच तर तिथेच दिसेल. कोणती ओळ गाळली आणि उरलेल्या ओळीत हाच डेटा का घातला, हे सांगता येणं म्हणजे टेस्ट डिझाइन येणं. मुलाखतीत बरोबर इथेच पकडतात.

आणि एवढं सगळं करूनही एक बग निसटतो. ग्राहकाने 10 नग घेतले, सवलत लागली, मग त्याने एक नग काढला. सवलत जाते का? 9, 10, 11 च्या टेस्ट प्रत्येक वेळी नव्या कार्टवर चालतात, त्यामुळे 10 वरून 9 वर येणं त्यांना दिसतच नाही. डिसिजन टेबललाही दिसत नाही. हे बदल सापडायला स्टेट ट्रान्झिशन लागतं. तेव्हा ओळ अशी लिहिता येईल: "सवलत आणि कूपनच्या नियमांसाठी डिसिजन टेबल (8 संयोगांवरून 5), काठासाठी तीन-किमतींचं बीव्हीए, कार्टमधल्या बदलांसाठी स्टेट ट्रान्झिशन, 140 जुन्या टेस्ट केस 45 वर आणल्या, रिक्वायरमेंटचा प्रत्येक नियम किमान एका टेस्टला जोडलेला." टेस्ट केस कमी केल्याचा आकडा 1500 पेक्षा जास्त बोलतो. फक्त कमी केल्यावर काही निसटलं का, हा पुढचा प्रश्न येणार हे धरून चला.

तिसरी ओळ डिफेक्टची. "500+ बग लॉग केले" यावर वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो: त्यांचं पुढे काय झालं? 500 पैकी 150 बग `Duplicate` आणि `Cannot Reproduce` म्हणून बंद झाले असतील तर 30 टक्के बगवरचा वेळ, तुमचा आणि डेव्हलपरचाही, वाया गेला. हेच प्रमाण 5 टक्के असेल तर ती तुमची सगळ्यात चांगली ओळ ठरेल. सध्याच्या नोकरीत ॲक्सेस आहे तोवर जिरामध्ये स्वतःचे आकडे बघून घ्या:

```
issuetype = Bug AND reporter = currentUser()
AND resolution in (Duplicate, "Cannot Reproduce")
```

रिझोल्यूशनची नावं प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी असतात, ती बघून बदला. आणखी एक गोष्ट तपासा. जिरामध्ये स्टेटस आणि रिझोल्यूशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्कफ्लो बनवताना शेवटच्या पायरीवर रिझोल्यूशन भरायची सोय राहून गेली असेल तर बग `Done` मध्ये असूनही `resolution = Unresolved` च्या शोधात येत राहतो, आणि ट्राएजच्या बैठकीत "उघडे बग" फुगलेले दिसतात. ट्राएज खरोखर चालवणाऱ्याने हे पाहिलेलं असतं आणि वर्कफ्लोमध्ये दुरुस्त करून घेतलेलं असतं. तुम्ही केलं असेल तर "लाइफ सायकलचं ज्ञान" हे शब्द काढा आणि हे लिहा. फक्त आकडेच घ्या. बगचा मजकूर, स्क्रीनशॉट, ग्राहकाचं नाव यांतलं काहीही बाहेर नेऊ नका.

बगचा दर्जा शीर्षकावरूनही कळतो. वरचाच कार्टचा बग "सवलत बरोबर चालत नाही" असा टाकला तर डेव्हलपर नव्या कार्टमध्ये 9 नग टाकून बघेल, सवलत दिसणार नाही आणि तो `Cannot Reproduce` लावून मोकळा होईल. "10 नगांवर सवलत लागल्यानंतर एक नग काढला तरी 9 नगांवर सवलत तशीच राहते" असं शीर्षक असेल तर पायऱ्या वाचायच्या आधीच त्याला कुठे बघायचं ते कळतं. मुलाखतीला एक असा बग अक्षरशः पाठ असू द्या: पायऱ्या, अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकाल, बिल्ड क्रमांक, सिव्हिरिटी, प्रायॉरिटी आणि शेवटी मूळ कारण काय निघालं. सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटीतला फरक विचारला की होम पेजवरच्या लोगोतल्या चुकीचं उदाहरण सगळेच देतात; तुमच्या कामातलं द्या. मार्च महिन्यात सापडलेला, 29 फेब्रुवारीला रिपोर्ट कोसळवणारा बग घ्या: सिव्हिरिटी मोठी, पण ती तारीख पुन्हा यायला बराच अवधी असल्याने प्रायॉरिटी खाली. असा बग खाली ठेवतानाच "केव्हापर्यंत व्हायलाच हवा" ही तारीख लावावी लागते, हेही सांगा. ट्राएजची जबाबदारी म्हणतात ती यालाच.

रिलीजनंतर निसटलेल्या बगचा आकडा मिळत असेल तर तोही घाला, पण टीमचा म्हणून. रिलीजआधी 180 खरे बग सापडले आणि नंतर 20, तर 180 भागिले 200, म्हणजे 90 टक्के आधी पकडले. रिलीजनंतर किती दिवस मोजले ते सोबत लिहा. दोन आठवडे मोजले तर आकडा चांगलाच येतो, तीन महिने मोजले की उतरतो.

प्लेराइटचं राहिलं. ते "प्राधान्य" मध्ये आहे, अटीत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी अर्ज अडत नाही. कौशल्यांच्या यादीत सेलेनियमच्या शेजारी, त्याच वजनाने ते टाकू नका. सूटमधल्या दहा-बारा टेस्ट प्लेराइटमध्ये लिहून बघा. क्लिक करण्याआधी घटक दिसतोय का, स्थिर आहे का, चालू आहे का हे प्लेराइट स्वतः तपासून थांबतं, त्यामुळे वर सांगितलेल्या वेटच्या भानगडींपैकी कोणत्या आपोआप गेल्या आणि कोणत्या तशाच राहिल्या, हे तुम्हाला प्रत्यक्ष दिसेल. सामाईक टेस्ट डेटामुळे पडणाऱ्या टेस्ट तिथेही पडतात. मग रेझ्युमेत "प्लेराइट: 12 टेस्टचा प्रायोगिक सूट" एवढंच लिहा.

ओळींचा क्रमही बदला. जाहिरातीत सूट सांभाळणं आणि फ्लेकी टेस्ट सगळ्यात वर आहेत, म्हणून तुमची नवी पहिली ओळ अनुभवाच्या भागात सगळ्यात आधी यायला हवी. जागा कमी पडली तर मेवन आणि पेज ऑब्जेक्ट मॉडेल वेगळ्या ओळीत न ठेवता कौशल्यांच्या यादीत हलवा, म्हणजे पहिल्या चाळणीला लागणारे शब्दही राहतील.